दुधाच्या हिशेबाशेजारी गोळ्यांचा हिशेब

आमच्या भिवंडीतल्या स्वयंपाकघरात दाराशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. सुताच्या व्यापाऱ्याकडून दरवर्षी फुकट मिळतं. इंग्रजी तारीख मोठी, इस्लामी तारीख खाली बारीक, कडेला नमाजाच्या वेळा. त्यावर दूधवाल्याचा खाडा असतो, गॅसची टाकी लावल्याची तारीख असते आणि रमजान उलटला की घरातल्या बायकांनी आपापले राहिलेले रोजे आकड्यात लिहून ठेवलेले असतात. कुणाचे सहा, कुणाचे सात. नावं नसतात, फक्त आकडे. ज्याचं त्याला कळतं.

गेल्या पावसाळ्यात या चौकटींत आणखी एक आकडा आला. माझ्या धाकट्या दिराला क्षयरोग निघाला. तो यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम आहे. बारा तासांची पाळी, दर आठ-पंधरा दिवसांनी दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. तीन आठवडे खोकला जाईना, संध्याकाळी बारीक ताप, वजन 48 किलोवर आलेलं. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले आणि सरकारी दवाखान्यातून मोफत औषध सुरू झालं.

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तो मोजतात मात्र महिन्यांत नाही, डोसांत. पहिला टप्पा 56 दिवसांचा, एका गोळीत चार औषधं एकत्र असलेला. त्यानंतर 112 दिवस तीन औषधांची गोळी. एकूण 168 डोस. रोज किती गोळ्या, हे वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन, त्याहून जड असेल तर चार किंवा जास्त. त्या सगळ्या एकाच वेळी घ्यायच्या, शक्यतो उपाशीपोटी. 2017 पर्यंत सरकारी उपचारात हे औषध आठवड्यातून तीनदा, बरेचदा आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत घेतलं जाई. आता ते रोजचं झालं आहे आणि घरी घेतलं जातं. म्हणजे रोजची हजेरी घरच्यांनी घ्यायची.

आणि ही हजेरी का घ्यावी लागते, तर हे औषध लवकर गुण देतं म्हणून. दोन-तीन आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, खोकला उतरतो. माणसाला वाटतं, बरा झालो. पण मेलेले असतात ते भराभर वाढणारे जंतू. संथ, दबून राहिलेले जंतू आतच असतात आणि त्यांनाच संपवायला उरलेले महिने लागतात. मधेच औषध तुटलं, परत सुरू झालं, परत तुटलं, की उरलेल्या जंतूंमधले जे औषधाला दाद देत नाहीत तेच पोसले जातात. मग दुसरी, जास्त त्रासाची औषधं येतात.

पहिला आठवडा आम्ही फोनवर विसंबलो. माझ्या भाच्याने दिराच्या फोनवर औषधाची आठवण करून देणारं एक ॲप घालून दिलं. सकाळी नऊचा गजर. गजर वाजे तेव्हा दीर कारखान्यात आणि गोळ्या घरात. शिवाय मागांच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, तिथे खिशातला गजर काय ऐकू येणार! मग वेळ सकाळी साडेसहाची केली. ती दिवसपाळीत चालली. पाळी बदलली तेव्हा साडेसहाला तो अजून कारखान्यातच. हाताला लागलेला गजर बंद करायचा, ‘घेतली’ या बटणावर बोट ठेवायचं, घरी गेल्यावर घेऊ म्हणायचं आणि घरी आल्यावर झोपायचं. फोनमध्ये आठवड्याचे सातही दिवस हिरवे दिसत होते.

एक गोष्ट आणखी झाली. स्वस्तातले फोन बॅटरी वाचवण्यासाठी बरेच दिवस न उघडलेली ॲप आपोआप झोपवून टाकतात. गजर वाजतच नाही आणि तो वाजला नाही हे कळायला काही मार्ग नसतो. आठवण न आल्याची आठवण कोण ठेवणार? दिराच्या फोनमध्ये असं दोनदा झालं. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं केलं तर हे थांबतं, पण हे आम्हाला नंतर समजलं.

असं नाही की फोनचा विचार फक्त आमच्यासारख्यांनीच केला. 99डॉट्स नावाची एक योजना भारतातच तयार झाली, मुंबईतही ती राबवली गेली. कल्पना मोठी हुशारीची होती. गोळ्यांच्या पत्त्याला बाहेरून कागदाचं एक पाकीट चिकटवायचं. गोळी दाबून बाहेर काढली की पाकीट फाटतं आणि आत छापलेला फोन नंबर दिसतो. त्या नंबरावर रोग्याने मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. कोणत्या दिवशी कोणता नंबर निघेल हे आधी कळत नाही, त्यामुळे फोन आला म्हणजे गोळी बाहेर निघाली असं मानायचं. साधा फोन पुरे, ॲपची गरज नाही. पुढे संशोधकांनी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रोग्यांच्या घरी न सांगता जाऊन लघवी तपासली, तिच्यात औषधाचा अंश आहे का ते पाहिलं आणि फोनच्या नोंदींशी ताडून बघितलं. दोन्हीकडून गफलत निघाली. बऱ्याच जणांनी औषध घेतलं होतं पण फोन केला नव्हता. काहींचा फोन आलेला होता पण लघवीत औषध नव्हतं. गोळी पाकिटातून निघाली, म्हणजे ती पोटात गेली असं नाही. मला ती हकिगत वाचून दिराचे हिरवे दिवस आठवले.

मग आम्ही कॅलेंडरकडे वळलो. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तिथेही तीच चूक केली.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, कॅलेंडरची जबाबदारी घेतली. त्या रोज फज्रनंतर चहा टाकतात, त्याच वेळी चौकटीत बरोबरची खूण करायच्या. औषध 8 जुलैला, सोमवारी सुरू झालं होतं. चारेक दिवसांत माझ्या लक्षात आलं की सगळ्या खुणा एकसारख्या दिसतात. खूण काही सांगत नाही. राहिलेली खूण दुसऱ्या दिवशी कुणीही भरू शकतो. कॅलेंडर खोटं बोलतंय का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. आठवडाभराच्या खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरपेपणाच्या आणि एका ओळीत नीट बसलेल्या असतील, तर त्या एका बैठकीत केलेल्या आहेत. रोजच्या रोज केलेल्या खुणा वाकड्यातिकड्या असतात, कधी निळ्या, कधी पेन्सिलीच्या, एखादीवर हळदीचं बोट.

म्हणून खुणेच्या जागी आकडा लिहायचं ठरवलं. डोस एक, दोन, तीन, असा सरळ 168 पर्यंत. तारखेशी त्या आकड्याचा संबंध नाही. काल काय लिहिलं ते पाहिल्याशिवाय आज लिहिता येत नाही आणि एखादा दिवस चुकला तर आकडा पुढे सरकत नाही. त्या चौकटीत शून्य लिहायचं आणि पुढच्या दिवशी मागचाच क्रम चालू ठेवायचा. दूधवाल्याच्या खाड्यासारखं. खाड्याच्या दिवसाचं दूध दुसऱ्या दिवशी दुप्पट घेत नाही, तसंच चुकलेल्या डोसाच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नसतात. तो डोस शेवटी वाढतो, इतकंच.

आकड्याचा दुसरा फायदा पाळीवाल्या माणसाला होतो. घड्याळाची तारीख मध्यरात्री बदलते, आपली इस्लामी तारीख मगरिबला बदलते आणि रात्रपाळीच्या माणसाचा दिवस सकाळी आठला संपतो. रात्री बारा-साडेबाराला औषध घेणाऱ्याने ते कोणत्या तारखेत धरायचं? फोन ते नव्या दिवसात टाकतो आणि आदला दिवस चुकला म्हणून लाल करतो. अम्मींच्या लेखी गुरुवारची संध्याकाळ म्हणजे जुम्याची रात्र. आकडा असला की हा वाद उरत नाही. पुढची रिकामी चौकट, पुढचा आकडा.

तिसरा फायदा मोजणीचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच. भिवंडीत शुक्रवारी कारखाने बंद असतात. दीर जुम्याच्या नमाजाहून आला की जेवणाआधी आम्ही गोळ्या मोजायचो. हिशेब साधा आहे. 28 दिवसांचं औषध म्हणजे रोज तीनप्रमाणे 84 गोळ्या. कॅलेंडरवरच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि 84 मधून वजा करायचं. तेवढ्या गोळ्या डब्यात असायला हव्यात.

26 जुलैच्या शुक्रवारी कॅलेंडरवर 19 होतं. 19 गुणिले 3 म्हणजे 57. डब्यात 27 असायला हव्या होत्या. निघाल्या 30.

तीन जास्त, म्हणजे एक डोस लिहिलेला आहे पण घेतलेला नाही. घरात जरा तणातणी झाली. दीर म्हणाला, मी रोज घेतो. अम्मी म्हणाल्या, मी रोज लिहिते. दोघंही खरं बोलत होते आणि गोंधळ नेमका तिथेच होता. मागचा आठवडा उलगडत गेलो तेव्हा 23 तारखेवर येऊन थांबलो. सोमवारी रात्रीपासून त्याची रात्रपाळी लागली होती. मंगळवारी पहाटे अम्मींनी सवयीने 16 लिहून टाकलं. दीर साडेआठला घरी आला, चौकटीत आकडा पाहिला, झोपेच्या भरात त्याला वाटलं की घेतलेली आहे, आणि आडवा झाला. लिहिलेला आकडाच त्याला फसवून गेला.

आम्ही 23 च्या चौकटीतलं 16 खोडून शून्य केलं. 24 ला 16, 25 ला 17, 26 ला 18. अठरा त्रिक चोपन्न, 84 वजा 54 बरोबर 30. हिशेब जुळला. फोनवरच्या हिरव्या दिवसांना असा ताळा लावताच येत नव्हता, कारण तिथे हिरव्या ठिपक्याच्या शेजारी गोळ्यांचा डबा नव्हता.

त्या दिवशी दोन नियम झाले. आकडा गोळी घेणाराच लिहील, अम्मी फक्त बघतील. आणि पाणी पिऊन ग्लास खाली ठेवल्यावरच लिहायचा, आधी नाही. त्यासाठी डबा, ग्लास आणि पेन एका जागी हवेत. आम्ही डबा कॅलेंडरखालच्या फळीवर ठेवला, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच, आणि पेन खिळ्याला सुताने बांधलं. भिवंडीत सुताला काय तोटा! बांधलेलं पेन ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण पेन शोधायला माणूस दुसऱ्या खोलीत गेला की आकडा संध्याकाळवर जातो आणि संध्याकाळचा आकडा अंदाजाने लिहिला जातो.

गोळ्या मोजून ताळा बघण्याची ही रीत आमची नाही. मद्रासमध्ये 1956 साली क्षयरोगाच्या औषधोपचाराचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. डॉ. वॉलेस फॉक्स तिथे होते. क्षयाच्या रोग्याला सॅनिटोरियममध्येच ठेवलं पाहिजे असा तेव्हाचा समज होता. या केंद्राने गरीब वस्तीतल्या रोग्यांना घरीच औषध दिलं आणि 1959 मध्ये दाखवून दिलं की घरी राहणारे रोगी सॅनिटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. पण घरचा रोगी औषध घेतो की नाही हे कळावं कसं? म्हणून कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. या औषधांतलं रिफॅम्पिसिन हे पुढे आलं, आणि ते घेतल्यावर काही तासांत लघवी नारिंगी होते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उलट घरच्या घरी ती एक खूण आहे. दिराला शंका आली की सकाळी घेतली की नाही, तर दुपारपर्यंत त्याचं त्यालाच कळे.

कॅलेंडरला मर्यादा आहेत, आणि पहिली मोठी मर्यादा म्हणजे ते भिंतीवर असतं. आपल्या समाजात क्षयरोग अजून लपवला जातो, विशेषतः लग्नाच्या मुलीचा. दाराशेजारच्या भिंतीवर ‘टीबीच्या गोळ्या’ असं कुणी लिहिणार नाही, आणि लिहूही नये. आम्ही चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात फक्त आकडा लिहीत होतो. येणारी जाणारी शेजारीण तो दुधाचा हिशेब समजे. राहिलेल्या रोज्यांचे आकडे जसे बिननावाचे असतात, तसाच हाही. फोनला कुलूप असतं खरं, पण आमच्या घरातला फोन दिवसातून चार हातांत फिरतो आणि ‘तुमच्या क्षयरोगाच्या औषधाची वेळ झाली’ असा संदेश पडद्यावर आला की कुलुपाचा काही उपयोग नाही. कोणतंही ॲप घेतलं तरी आठवणीचं वाक्य बदलून ‘पाणी प्या’ असं करून ठेवलेलं बरं.

दुसरी मर्यादा अशी की चौकटीत आकड्यापलीकडे काही मावत नाही. फुकट मिळणाऱ्या कितीतरी कॅलेंडरांवर मोठा फोटो आणि तारखा मुंगीएवढ्या असतात, ती या कामाला निरुपयोगी. चौकटीत पाच रुपयांचं नाणं बसेल एवढी जागा हवी. बाकीच्यासाठी आम्ही शंभर पानी वही केली, आठवड्याला एक पान. त्यात शुक्रवारचं वजन, गोळ्यांची मोजणी आणि काही त्रास झाला असेल तर तो. मळमळ कोणत्या दिवशी, गोळीनंतर किती वेळाने. कातडी किंवा डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, दिसायला धूसर झालं, तर वहीत लिहून शुक्रवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे वहीच्या पहिल्या पानावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. वजनाचा रकाना फार कामी आला. 48 चं 50 झालं आणि मग 52. वजनाचा गट बदलला की गोळ्यांची संख्या बदलते, पण ते दवाखान्यातली डॉक्टर ठरवते, वही नाही. आमच्या बाबतीत तिने पुढच्या टप्प्यात रोज चार गोळ्या केल्या, तेव्हा शुक्रवारचा गुणाकार तीनचा चार झाला. पहिल्या शुक्रवारी मी विसरून तीननेच गुणलं आणि उगाच घरभर घबराट केली.

तिसरी मर्यादा खरी आहे आणि तिच्यावर कॅलेंडरकडे उत्तर नाही. कॅलेंडर हाक मारत नाही. घरात एकट्याने राहणारा माणूस, खोलीवर पाच-सहा जणांत राहणारा परगावचा कारागीर, यांना आकडा न दिसल्याबद्दल विचारणारी अम्मी नसते. तिथे फोनचा गजर हवाच, किंवा आरोग्यसेविकेचा फोन हवा. आणि कॅलेंडर प्रवासाला येत नाही. ऑक्टोबरमध्ये कोकणात गावी एक मयत झाली, दीर अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला, गोळ्या फळीवर राहिल्या. दोन दिवस गेले. परत आल्यावर दोन शून्यं लिहिली. आरोग्यसेविकेने विचारलं तेव्हा त्याने खरं सांगितलं. दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही, ती म्हणाली, पण महिनाभर सलग तुटलं तर उपचार अर्धवट सोडला असं धरून पुन्हा तपासण्यांपासून विचार करावा लागतो. त्यानंतर पाकिटाएवढी एक छोटी डायरी आणि तीन दिवसांच्या गोळ्या त्याच्या पिशवीत कायम राहू लागल्या. लांब मुदतीसाठी मुलखाला जाणाऱ्या कारागिराने तर जाण्याआधी दवाखान्यात सांगून आपला निक्षय क्रमांक लिहून घ्यावा. त्या सरकारी नोंदीच्या आधारे देशात दुसरीकडे औषध चालू ठेवता येतं.

फोन आम्ही टाकून दिला नाही. शेवटी त्याचं काम वेगळं ठरलं. शुक्रवारी मोजणी झाली की दीर कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून आरोग्यसेविकेला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तिला वेगळं काही भरायला लागत नव्हतं, एका नजरेत आठवडा दिसे, खाडे दिसत. महिना संपून पान उलटलं तरी फोटो राहिला. एकदा अम्मींनी जुनं पान फाडून पापडाखाली घातलं, तेव्हा ऑगस्टचे आकडे त्या फोटोतूनच परत मिळाले.

56 वा डोस 2 सप्टेंबरला पडला, 1 ला नाही, 23 जुलैच्या त्या शून्यामुळे. तारखेकडे बघून औषध बदललं असतं तर पहिला टप्पा एक दिवस आधी संपला असता. 168 वा डोस 22 डिसेंबरऐवजी 25 ला आला. त्या दिवशी त्याची दिवसपाळी होती. सकाळी साडेसहाला त्याने पाणी प्यायलं, ग्लास ठेवला, आकडा लिहिला आणि डबा घासायला टाकला. शेवटच्या थुंकीच्या तपासणीचा अहवाल पुढच्या आठवड्यात निर्दोष आला.

नव्या वर्षाचं कॅलेंडर लागलं तेव्हा सुताला बांधलेलं पेन तसंच होतं. अम्मींच्या रक्तदाबाची गोळी रोज एक, महिन्याला तीस. आता त्यांचा आकडा त्या स्वतः लिहितात आणि शुक्रवारी दीर त्यांच्या गोळ्या मोजतो. पहिल्याच महिन्यात चार जास्त निघाल्या.